आधी फिरणारा भाग बघा

वॉशिंग मशीनचा ड्रम फिरेनासा होतो. मागचं झाकण उघडून मोटरचा फोटो काढला जातो आणि ओळखीच्या मेकॅनिकला पाठवला जातो. त्या फोटोतून पहिली गोष्ट कळायला हवी ती मोटरच्या जातीची. वॉशिंग मशीनमध्ये प्रामुख्याने तीन जातींच्या मोटरी सापडतात: इंडक्शन, युनिव्हर्सल आणि ब्रशलेस. तिन्हींचं दुखणं वेगळं आणि बदलायचे सुटे भागही वेगळे. जात चुकली तर ज्या मोटरला कपॅसिटर लागतच नाही, तिच्यासाठी लोक कपॅसिटर विकत आणतात.

ओळखताना बहुतेकांची नजर तांब्याच्या तारांवर, म्हणजे वाइंडिंगवर जाते. पण तांबं तिन्ही मोटरींत असतं. त्याआधी फिरणाऱ्या भागाकडे, म्हणजे रोटरकडे बघावं आणि एकच प्रश्न विचारावा: या भागात चुंबकत्व कुठून येतं? उत्तरं तीन आहेत आणि मोटरच्या जातीही तीनच.

युनिव्हर्सल मोटरमध्ये फिरणाऱ्या भागावरच तार गुंडाळलेली असते. त्याला आर्मेचर म्हणतात. फिरत्या तारेपर्यंत वीज पोचवायची तर तिला सतत स्पर्श करणारं काहीतरी हवं. म्हणून शाफ्टच्या एका टोकाला तांब्याच्या उभ्या पट्ट्यांचं कडं असतं, ते कम्युटेटर. त्यावर दोन बाजूंनी कार्बनचे तुकडे स्प्रिंगने दाबून बसवलेले असतात. फोटोत तांब्याच्या पट्ट्यांचं कडं दिसलं की मोटर कार्बनची आहे, हे ठरलं.

इंडक्शन मोटरच्या रोटरवर तार नसते, चुंबकही नसतो. पोलादी पत्र्यांच्या चकत्यांची घट्ट चळत, तिच्या पृष्ठभागावर किंचित तिरक्या रेषा आणि दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमच्या जाड कड्या, इतकंच दिसतं. त्या रेषांखाली ॲल्युमिनियमचे दांडे ओतलेले असतात. बाहेरच्या वाइंडिंगचं चुंबकीय क्षेत्र फिरू लागलं की या दांड्यांमध्ये आपोआप प्रवाह निर्माण होतो. त्यासाठी रोटरला कशाचाही स्पर्श लागत नाही, म्हणून कम्युटेटरही नसतो.

ब्रशलेस मोटरमध्ये रोटरवर कायमचे चुंबक असतात. काही मशीनमध्ये ही मोटर ड्रमच्या मागे थेट बसवलेली असते. पट्टा नाही, छोटी पुली नाही, फक्त परातीसारखा रुंद, उथळ रोटर. तो काढला की आतल्या कडेला चुंबकांची रांग दिसते. मधल्या स्थिर भागावर, स्टेटरवर, गोलाकार दात असतात आणि प्रत्येक दातावर स्वतंत्र कॉइल असते.

आता एक फोटो प्रत्यक्ष वाचून बघू. समोरून दार असलेलं मशीन आहे. खाली लांबट मोटर, तिच्या शाफ्टवर बोटाएवढी बारीक पुली आणि तिथून ड्रमच्या मोठ्या चाकाकडे गेलेला पट्टा. पुलींमधला हा फरकच बोलका आहे. ड्रम मिनिटाला 1200 फेरे घेत असेल आणि मोठं चाक लहान पुलीच्या दहापट असेल, तर मोटर 12000 फेरे घेते. घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेवर थेट चालणारी इंडक्शन मोटर 3000 फेऱ्यांपलीकडे जाऊच शकत नाही. म्हणजे रोटर दिसण्याआधीच साध्या इंडक्शनचा पर्याय बाद झाला.

पुढचा फोटो मोटरच्या मागच्या टोकाचा. घराला मोठ्या फटी आहेत. आतली हवा खेळावी म्हणून युनिव्हर्सल मोटरचं घर बहुधा असंच उघडं ठेवतात. समोरासमोर दोन प्लॅस्टिकच्या डब्या स्क्रूने बसवलेल्या आहेत, त्यांत कार्बन. फटीतून कम्युटेटर दिसतो. स्टेटरवर दोनच मोठ्या कॉइल आहेत, एकमेकींसमोर. ही शेवटची खूण महत्त्वाची, कारण कार्बन असलेली प्रत्येक मोटर युनिव्हर्सल नसते. स्टेटरवर कॉइलऐवजी वक्र चुंबक चिकटवलेले असतील, तर ती डीसी मोटर असते आणि तिला थेट एसी देऊन चालत नाही. इथे कॉइल आहेत, म्हणून युनिव्हर्सल पक्की.

मग दोष शोधायचा. डबी काढून कार्बनचा फोटो घेतला तर एक बाजू जेमतेम नखाएवढी उरलेली दिसते. स्प्रिंगचा दाब कमी पडतो, स्पर्श तुटतो आणि ड्रम थांबतो. नवे कार्बन जोडीने बदलायचे, पण त्याआधी कम्युटेटर बघायचा. सगळीकडे सारखा तपकिरी रंग असेल तर तो निरोगी. एखादीच पट्टी जळून काळी पडली असेल किंवा वर उचलली गेली असेल, तर आर्मेचरच बिघडलेलं असतं आणि नवे कार्बनही लवकर खराब होतात.

खरी फसगत होते ती पट्ट्यावर चालणाऱ्या, बंद घराच्या मोटरीत. बाहेर कार्बनची डबी नाही, आणि तीन तारा. ती कपॅसिटरवर चालणारी साधी इंडक्शन असेल, इन्व्हर्टर बोर्डवर चालणारी थ्री फेज इंडक्शन असेल किंवा आत चुंबक असलेली ब्रशलेस. अशा वेळी वाइंडिंगचं टोक फोटोत हवं. इंडक्शनमध्ये कॉइल एकमेकींवरून जातात आणि टोकाला दोऱ्याने बांधलेली तांब्याची जाड वेणी दिसते. ब्रशलेसमध्ये प्रत्येक दाताची कॉइल सुटी आणि मध्ये फट असते. नेमप्लेटवर µF लिहिलेलं असेल तर कपॅसिटरची इंडक्शन.

घर उघडता येत नसेल तर फोटोची मर्यादा मान्य करून मीटर घ्यावा. तीन तारांच्या तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स सारखा आला तर मोटर थ्री फेज. दोन जोड्यांत 20 ओहम आणि तिसरीत 40 असं आलं तर कपॅसिटरची. थ्री फेजमधली ब्रशलेस ओळखायला बोर्डापासून सोडवलेल्या तीन तारा एकत्र जोडून शाफ्ट हाताने फिरवावा. चुंबक असतील तर तो एकदम जड होतो, कारण मोटर स्वतःच वीज तयार करू लागते. इंडक्शनचा शाफ्ट आधीसारखाच हलका राहतो.

हे सारं प्लग काढल्यावरच. तरीही इन्व्हर्टर बोर्डावर 300 व्होल्टच्या वर डीसी काही काळ टिकून राहतो आणि कपॅसिटरही भारलेला असू शकतो. मीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री केल्याशिवाय हात घालू नये.

जात कळली की पहिला संशय कुणावर घ्यायचा तेही कळतं. युनिव्हर्सल थांबली तर कार्बन. इंडक्शन नुसती गुणगुणत असेल आणि हाताने ढकलल्यावर सुरू होत असेल तर कपॅसिटर. ब्रशलेस झटके देत अडखळत असेल तर रोटरची जागा सांगणारा सेन्सर, त्याची वायर किंवा बोर्ड. या तिन्हींत मोटर बहुधा शाबूत असते, म्हणून नव्या मोटरचे पैसे मोजण्याआधी रोटरचा एक स्पष्ट फोटो मागून घ्यावा.