‘सर्वांसाठी योग’ म्हणजे नेमका कोणासाठी?

उन्हाळा सुरू झाला की आपल्या अर्विंगमध्ये घरोघरी आई-बाबा येऊ लागतात. सहा महिन्यांचा मुक्काम, गाडी चालवता येत नाही, मुलगा-सून दिवसभर कामावर. मग कोणीतरी सुचवते, “इथे योगाचा क्लास आहे, जाऊन बघा ना!” व्हॉट्सॲपवर एक चित्र येते. त्यावर सूर्योदय, कमळ आणि खाली तीन ओळी: “सर्वांसाठी योग. दर शनिवारी सकाळी. ऑनलाइन व प्रत्यक्ष. सर्वांचे स्वागत!”

आमंत्रण मनापासून दिलेले असते, पण त्यातून कळत काहीच नाही. माझ्या ओळखीच्या एक अडुसष्ट वर्षांच्या बाई अशाच एका वर्गाला गेल्या. पाटीवर ‘विन्यास फ्लो, ऑल लेव्हल्स’ असे लिहिले होते. ‘ऑल’मध्ये आपणही आलोच, असे त्यांनी धरले. तासाभराने मनगट धरून घरी आल्या आणि “योग आपल्याला झेपत नाही” असा निकाल देऊन मोकळ्या झाल्या. झेपला नव्हता तो एक विशिष्ट प्रकार, पण सूचनेत तेवढे सांगितले नसल्यामुळे दोष सगळ्या योगावर गेला. नवशिक्यासाठी वर्गाची सूचना लिहिताना, आणि वाचतानाही, चार गोष्टी पाहाव्या लागतात: पद्धत, पातळी, वेळ आणि ऑनलाइन की समोरासमोर.

पहिली गोष्ट पद्धतीची. म्हैसूरला टी. कृष्णमाचार्य नावाचे एक योगगुरू होते. त्यांनी १९३७ साली आपल्या एका तरुण शिष्याला पुण्याला शिकवायला पाठवले. ते बी. के. एस. अय्यंगार. ते पुण्याचेच झाले. १९७५ साली मॉडेल कॉलनीत त्यांची संस्था उभी राहिली आणि २०१४ साली त्यांचे निधन झाले ते पुण्यातच. कृष्णमाचार्यांचे दुसरे शिष्य के. पट्टाभि जोईस म्हैसूरला राहिले. गुरू एकच, पण दोन शिष्यांच्या हातून दोन अगदी वेगळे वर्ग तयार झाले. अय्यंगार पद्धतीत एक आसन बराच वेळ स्थिर धरतात. पाऊल कुठे, गुडघा कुठे, खांदा कुठे हे बारकाईने पाहतात. हात जमिनीला पोचत नसेल तर खाली लाकडी ठोकळा ठेवतात, आणि पट्टा, खुर्ची, घोंगडी, भिंत यांचा आधार घेतात. जोईस यांच्या पद्धतीत आसनांचा क्रम ठरलेला असतो आणि श्वासाच्या तालावर एकातून दुसऱ्यात जायचे असते. अमेरिकेतल्या वर्गाच्या पाटीवर ‘अष्टांग’ लिहिलेले असेल, तर ते बहुधा पतंजलींच्या यम-नियमादी आठ अंगांविषयी नसते. ती जोईस यांची पद्धत असते. आपल्या पिढीचा घोटाळा होतो तो इथे.

‘विन्यास’ किंवा ‘फ्लो’ हा त्याच घराण्यातला, थोडा मोकळा प्रकार. आपण शाळेत घातलेले सूर्यनमस्कार आठवा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते महाराष्ट्रात घरोघरी पोचवले. न थांबता एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जायचे, हीच या वर्गांचीही चाल. त्यात ‘चतुरंग दंडासन’ पुन्हा पुन्हा येते. म्हणजे जोर काढताना खाली गेल्यावर शरीर जसे जमिनीला समांतर तोलून धरतो, तसे. सगळा भार तळहातांवर आणि पायाच्या बोटांवर. आता हिशेब करू. जोईस यांच्या पद्धतीत सुरुवातीला पहिल्या प्रकारचे पाच आणि दुसऱ्या प्रकारचे पाच सूर्यनमस्कार असतात. पहिल्या प्रकारात चतुरंग एकदा येते, दुसऱ्यात तीनदा. म्हणजे पाच अधिक पंधरा, एकूण वीस वेळा, आणि तेही उभ्याची आसने सुरू होण्याआधी. फ्लोच्या वर्गात हा आकडा शिक्षकाप्रमाणे कमीजास्त होतो, पण मनगट का दुखले ते यावरून कळावे.

इतर नावांचे अर्थ थोडक्यात सांगतो. ‘हठ’ म्हणजे बालहठ-स्त्रीहठातला हठ नव्हे. शास्त्राप्रमाणे आसन-प्राणायामाची सगळीच परंपरा हठयोगात येते, पण इथल्या पाटीवर त्याचा अर्थ ‘सावकाश, एकेक आसन थांबून’ एवढाच असतो. ‘यिन’मध्ये जमिनीवर बसून किंवा पडून एकेका स्थितीत तीन-चार मिनिटे राहतात. ‘रिस्टोरेटिव्ह’मध्ये उशा-घोंगड्यांवर शरीर सोडून विश्रांती घेतात. ‘चेअर योगा’ खुर्चीवर बसून किंवा खुर्ची धरून करतात. ‘हॉट योगा’ मुद्दाम तापवलेल्या खोलीत असतो. टेक्सासच्या जुलैमध्ये राहणाऱ्या माणसाने त्यासाठी पैसे का द्यावेत, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

दुसरी गोष्ट पातळीची. अय्यंगारांच्या १९६६ सालच्या ‘लाइट ऑन योग’ या पुस्तकात प्रत्येक आसनापुढे अवघडपणाचा आकडा दिला आहे, एकपासून साठपर्यंत. ताडासनाला एक. सूचनेतल्या ‘बिगिनर’ या शब्दामागे असा कोणताच आकडा नसतो. काही ठिकाणी त्याचा अर्थ ‘योग कधीच केला नाही असा’ असतो, तर काही ठिकाणी ‘वर्षभर केला आहे, पण शीर्षासन येत नाही असा’. ‘ऑल लेव्हल्स’ म्हणजे तर बहुधा मधल्या पातळीचा वर्ग, ज्यातून कोणालाही परत पाठवत नाहीत एवढेच.

म्हणून पातळी विशेषणाने न सांगता कृतीने सांगावी. “आधी काहीही शिकलेले नसले तरी चालेल. आधार घेऊन जमिनीवर बसता-उठता यायला हवे.” एवढ्या दोन वाक्यांनी वाचणाऱ्याला आपले उत्तर आपणच देता येते. ज्यांना जमिनीवर बसता येत नाही, त्यांनी खुर्चीचा वर्ग पाहावा, हेही तिथेच लिहावे. हा वर्ग कोणासाठी नाही, हे सांगणाऱ्या सूचनेवर मी जास्त विश्वास ठेवतो.

आपल्या वयाच्या मंडळींसाठी एक ओळ त्यात असायलाच हवी. काचबिंदू असेल तर डोके खाली जाणाऱ्या आसनांत डोळ्यातला दाब वाढतो. शीर्षासन कोणी नवशिक्याला देत नाही, पण अधोमुख श्वानासन, म्हणजे इथले ‘डाउनवर्ड डॉग’, पहिल्याच दिवशी येते, आणि त्यातही डोके खालीच असते. हाडे ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून पुढे वाकण्याने मणक्यांवर नको तो भार येतो. रक्तदाब नीट आटोक्यात नसेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर शिक्षकाला आधी कळवावे आणि डॉक्टरांना विचारावे. शिक्षकाच्या नावापुढे ‘२०० तास’ असे असेल, तर त्याने तेवढ्या तासांचे शिक्षक-प्रशिक्षण घेतले आहे इतकाच त्याचा अर्थ. तो वैद्यकीय परवाना नव्हे.

तिसरी गोष्ट वेळेची. ‘शनिवारी सकाळी’ पुरेसे नाही. किती वाजता सुरू, किती वाजता संपणार, किती आठवडे चालणार, आणि मधूनच आलेले चालेल का, हे सगळे हवे. नवशिक्याला ठरावीक आठवड्यांची, सगळ्यांनी एकदम सुरू केलेली मालिका सोयीची जाते. येईल त्याला प्रवेश असलेल्या वर्गात शिक्षकाला दर वेळी नव्याने सुरुवात करता येत नाही, आणि नवा माणूस शेजाऱ्याकडे बघून अंदाजाने हातपाय हलवतो. पोटाचाही विचार हवा. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जायला हवेत. संध्याकाळी सातचा वर्ग असेल तर दुपारचे जेवण एकपर्यंत उरकावे, चारला थोडे काही खावे आणि रात्रीचे जेवण वर्गानंतर घ्यावे.

पुण्याहून ऑनलाइन वर्ग घेणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. भारतात घड्याळ बदलत नाही, आपल्याकडे बदलते. पुण्यात शनिवारी सकाळी साडेसहाला सुरू होणारा वर्ग अर्विंगमध्ये उन्हाळी वेळेत शुक्रवारी रात्री आठला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आपली घड्याळे एक तास मागे गेली, की तोच वर्ग शुक्रवारी संध्याकाळी सातला येतो. दिवाळीच्या गडबडीतच हा बदल होतो, आणि आठला संगणक उघडणाऱ्याला पडद्यावर शवासन दिसते! म्हणून सूचनेत दोन्ही गावांची वेळ, दोन्ही वार आणि बदलाची तारीख लिहावी.

चौथी गोष्ट ऑनलाइन की समोरासमोर. ‘ऑनलाइन’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी लपतात. एकात शिक्षक तुम्हाला पाहत असतो, दुसऱ्यात आधी चित्रित केलेला वर्ग तुम्ही पाहत असता. नवशिक्याला पहिलाच हवा, आणि तोही पडद्यावर मोजक्याच खिडक्या असलेला. तीस चौकटींत कोणाचा गुडघा मागे ढकलला जातो आहे, हे कोणत्याही शिक्षकाला दिसत नाही. कॅमेरा बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवावा आणि डोक्यावर नेलेल्या हातांपासून टाचांपर्यंत सगळे शरीर दिसेल इतके दूर जावे. समोरून पाठीचा बाक कळत नाही, बाजूने कळतो. समोरासमोरच्या वर्गात शिक्षक ठोकळा सरकवू शकतो, तोल गेला तर धरू शकतो. तो हात लावून दुरुस्ती करणार असेल तर आधी विचारेल, हेही लिहिलेले बरे. गाडी न चालवणाऱ्या आई-बाबांसाठी ‘गाडीने ने-आण होईल का’ ही ओळ पद्धतीच्या नावाइतकीच महत्त्वाची.

आता सुरुवातीची ती तीन ओळींची सूचना पुन्हा लिहू. समजा, आपल्या मंडळालाच असा वर्ग काढायचा आहे.

“नवशिक्यांसाठी सावकाश आसने: ठोकळा, पट्टा, खुर्चीच्या आधाराने. आठ आठवड्यांची मालिका, शनिवारी सकाळी ९ ते १०. योग कधीच केला नसला तरी चालेल, पण आधाराने जमिनीवर बसता-उठता यावे. या वर्गात सूर्यनमस्कार व शीर्षासन नाहीत. काचबिंदू, ठिसूळ हाडे, वाढलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असल्यास आधी शिक्षकांना कळवावे. जागा १२, तिसऱ्या आठवड्यानंतर नवा प्रवेश नाही. शक्यतो प्रत्यक्ष यावे. घरून येणाऱ्या चौघांसाठी थेट ऑनलाइन सोय आहे, मात्र कॅमेरा सुरू ठेवावा लागेल. नाश्ता वर्गानंतर. ने-आण हवी असल्यास नाव नोंदवताना सांगावे.”

कमळ आणि सूर्योदय हवेच असतील तर वर ठेवावेत, जागा उरली तर. मनगट दुखावून घरी बसलेल्या त्या बाईंना मी हा मसुदा वाचून दाखवला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: खुर्ची घरून आणायची का, आणि नाव कोणाकडे द्यायचे. दोन्हींची उत्तरे आता सूचनेत घालायची आहेत.