पितळी वाटीतले पंचवीस ठोके

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिलचा बेसॉल्ट सरळसोट उभा आहे. तिथून थोडं वर्सोव्याच्या खाडीकडे गेलं की पायाखाली काळी, चिकट, मिठाळ चिकणमाती लागते. पूर्वेला घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ठाणे खाडीच्या कडेने, तिवरांच्या आणि मिठागरांच्या पट्ट्यातही तीच जात सापडते. एकाच उपनगरात कातळही आहे आणि बोट रुतेल असा गाळही. अंधेरीतच भवन्सच्या आवारात १९६२ साली सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. तिथला सिव्हिलचा विद्यार्थी सॉइल मेकॅनिक्सच्या पुस्तकात ज्या मातीबद्दल वाचतो, ती माती लोकलने जाता-येता त्याला दिसत असते.

या विषयातलं 'कन्सिस्टन्सी लिमिट्स' हे प्रकरण पुस्तकात लांबलचक असतं, पण ते एका पानावर नीट बसतं. त्यासाठी व्याख्या एका वहीत, सूत्रं दुसऱ्या कागदावर आणि जर्नल तिसरीकडे, अशी वाटणी करायची नाही. व्याख्या लिहिली की लगेच खाली तो आकडा देणारी चाचणी लिहायची, आणि तिच्याखाली तो आकडा जिथे वापरला जातो ते सूत्र.

पहिली नोंद पाण्याच्या प्रमाणाची. मातीतल्या पाण्याचं वजन भागिले कोरड्या मातीचं वजन:

w = (Ww / Ws) × 100

भागाकार कोरड्या मातीने करायचा असल्याने हा आकडा शंभराच्या वर जाऊ शकतो. खाडीच्या गाळाच्या बाबतीत तसं घडलं तर ती चूक समजू नये. चाचणी सोपी आहे: डबी रिकामी, मग ओल्या मातीसह, आणि ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवून कोरड्या मातीसह, अशी तीनदा तोलायची.

दुसरी नोंद लिक्विड लिमिटची. माती द्रवासारखी वाहू लागते आणि घट्ट लगद्यासारखी वागते, या दोन अवस्थांच्या सीमेवरचं पाण्याचं प्रमाण म्हणजे लिक्विड लिमिट. स्वीडिश रसायनज्ञ आल्बर्ट अ‍ॅटरबर्ग यांनी १९११ साली या सीमा मांडल्या. त्यांची चाचणी मात्र हाताने थोपटण्याची होती, त्यामुळे माणूस बदलला की उत्तर बदलायचं. आर्थर कासाग्रांदे यांनी १९३२ मध्ये हाताच्या जागी हँडलने उचलून आपटणारी पितळी वाटी आणली. आपल्या प्रयोगशाळांत तीच 'कासाग्रांदे अ‍ॅपरेटस' म्हणून ओळखली जाते.

आयएस २७२० च्या पाचव्या भागाप्रमाणे ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली सुमारे १२० ग्रॅम माती घ्यायची, डिस्टिल्ड पाण्यात कालवायची आणि चिकणमाती असेल तर २४ तास मुरू द्यायची. मग वाटीत सपाट लावून ग्रूव्हिंग टूलने मधोमध चर पाडायची. हँडल सेकंदाला दोन फेऱ्यांच्या वेगाने फिरवायचं. वाटी दर वेळी १० मिलिमीटर वरून पडते. चरीचे दोन काठ तळाशी १२ मिलिमीटर लांबीवर मिळाले की ठोके मोजून तिथली माती डबीत घ्यायची. बरोबर २५ ठोक्यांना चर मिटते तेव्हाचं पाण्याचं प्रमाण म्हणजे लिक्विड लिमिट.

पंचवीस ठोके नेमके जुळवणं अवघड असतं. म्हणून १५ ते ३५ ठोक्यांच्या दरम्यान निदान चार वाचनं घेऊन सेमी-लॉग कागदावर सरळ रेष काढतात. वाचनं घट्ट मातीकडून सैल मातीकडे, दर वेळी थोडं पाणी घालत घ्यावीत. लगदा जास्तच पातळ झाला म्हणून वरून कोरडी माती टाकली, तर ती मुरत नाही आणि वाचन बिघडतं. दुसरी खूण चरीतच दिसते: काठ वाहत एकमेकांकडे आले पाहिजेत. अख्खा गोळा वाटीवरून घसरला असेल तर ते वाचन सोडून द्यावं. खाडीच्या मातीत आणखी एक सापळा आहे. चाळणीसाठी घाई करून ती आधी ओव्हनमध्ये वाळवली तर तिच्यातले सेंद्रिय घटक बदलतात आणि लिक्विड लिमिट खोटं कमी येतं. ती हवेवरच सुकू द्यावी.

तिसरी नोंद प्लॅस्टिक लिमिटची. काचेवर तळहाताने वळवट वळावं तशी मातीची दोरी करायची. ती बरोबर ३ मिलिमीटर जाडीला येताना तडकू लागली की तेव्हाचं पाण्याचं प्रमाण म्हणजे प्लॅस्टिक लिमिट. आधीच तडकली तर पाणी कमी आहे. तीनपेक्षा बारीक झाली तरी तडकली नाही तर गोळा मळून पुन्हा वळायचा. जाडी नजरेने ठरवू नये, शेजारी ३ मिलिमीटरची सळई ठेवावी.

आता एक उदाहरण सोडवू. आकडे सरावासाठी घेतले आहेत. २९ ठोक्यांच्या वाचनात डबी २१.४० ग्रॅम, ओल्या मातीसह ४६.२० आणि कोरड्या मातीसह ३५.४४ ग्रॅम भरली. पाणी १०.७६, कोरडी माती १४.०४, म्हणजे प्रमाण ७६.६ टक्के. अशा चार वाचनांच्या रेषेवर २५ ठोक्यांना ७८ मिळाले. प्लॅस्टिक लिमिट ३३ आलं.

PI = LL − PL

म्हणजे प्लॅस्टिसिटी इंडेक्स ४५. आता ए-लाइन:

PI = 0.73 (LL − 20)

७८ ला ही रेषा ४२.३ वर आहे. आपली माती तिच्या वर आहे आणि लिक्विड लिमिट ५० च्या पुढे, म्हणून वर्ग CH: अतिप्लॅस्टिक चिकणमाती. जमिनीत तिचं पाण्याचं प्रमाण ७० टक्के असेल तर

LI = (w − PL) / PI

याचं उत्तर ०.८२ येतं. एक म्हणजे लिक्विड लिमिट, म्हणजे ही माती द्रवाच्या उंबरठ्यावर बसली आहे.

आता वाटीतला आकडा बांधकामाकडे नेऊ. पूर्वी आजच्यापेक्षा जास्त दाब न सोसलेल्या चिकणमातीसाठी टर्झागी आणि पेक यांचं सूत्र आहे:

Cc = 0.009 (LL − 10)

उत्तर ०.६१. इथे लिक्विड लिमिट टक्क्यांतच, म्हणजे ७८ घालायचं. पुढच्या पायरीला मात्र पाण्याचं प्रमाण दशांशात हवं: e₀ = wG, म्हणजे ०.७० गुणिले २.७, बरोबर १.८९. पेपरात गुण बहुतेक या दोन ओळींतच जातात, म्हणून पानावर दोन्हींच्या शेजारी 'टक्के' आणि 'दशांश' असं लिहून ठेवावं.

समजा ही माती ५ मीटर जाड आहे, भूजल पृष्ठभागापर्यंत आहे, आणि वर सर्वत्र २ मीटर मुरमाचा भराव टाकला.

S = [Cc H / (1 + e₀)] log₁₀[(σ₀ + Δσ) / σ₀]

थराच्या मध्यावर आधीचा परिणामी दाब सुमारे १४.४ किलोपास्कल आहे. मुरूम घनमीटरला १८ किलोन्यूटन धरला तर भराव ३६ किलोपास्कलची भर घालतो. उत्तर सुमारे ०.५७ मीटर. दोन मीटर भराव टाकला, की जमीन अर्ध्या मीटरहून जास्त खचणार. ती एका पावसाळ्यात नव्हे, पाणी निचरत जाईल तशी वर्षानुवर्षं खचते.

पानाच्या तळाला या हिशेबाची मर्यादा लिहावी. वाटीतली माती मळलेली असते, जमिनीतली तिच्या मूळ रचनेत बसलेली असते. त्यामुळे हे Cc केवळ पहिला अंदाज आहे. पायाच्या डिझाइनसाठी खाडीतून न हलवलेला नमुना काढून कन्सॉलिडेशन चाचणी करावी लागते. तिच्यात २० मिलिमीटर जाडीची चकती रिंगमध्ये ठेवून भार दर वेळी दुप्पट करतात आणि प्रत्येक भार २४ तास ठेवतात. वाटीची चाचणी दोन दिवसांत होते, हिला आठवडा लागतो. भराव टाकण्याआधी तो आठवडा द्यावाच लागतो.