तीन मिलिमीटरचा तडा, तीन वर्षांचा शोध

15 डिसेंबर 1967. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया आणि ओहायो या राज्यांना जोडणाऱ्या सिल्व्हर ब्रिजवर संध्याकाळी पाचच्या सुमारास नेहमीची गर्दी होती. पाहता पाहता सगळा पूल ओहायो नदीत कोसळला. 46 माणसं दगावली. त्यांतल्या दोघांचे मृतदेह कधीच सापडले नाहीत.

नदीतून काढलेलं लोखंड जवळच्या मैदानात पुलाच्या मूळ रचनेनुसार मांडण्यात आलं. तुटलेले भाग ढीगभर होते. पूल पडल्यामुळे तुटले ते कोणते आणि ज्याच्या तुटण्याने पूल पडला तो कोणता, हा खरा प्रश्न होता.

1928 साली बांधलेला हा पूल तारांच्या दोरांवर नव्हे, पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर लटकलेला होता. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना भोक, म्हणजे ‘डोळा’. या डोळ्यांतून जाडजूड खिट्टी घालून एक कडी पुढच्या कडीला जोडायची. एका कडीत पट्ट्या दोनच. त्यामुळे एक गेली, तर दुसरीचा भरवसा नाही.

तुटलेला पृष्ठभाग तपासनिसाला बरंच काही सांगतो. चिवट पोलाद मर्यादेबाहेर ओढलं गेलं, तर आधी ताणतं, बारीक होतं, वाकतं आणि मग तुटतं. ठिसूळपणे तुटलेलं पोलाद मात्र चिक्कीसारखं मोडतं. दोन्ही तुकडे जुळवून ठेवले, तर जवळपास मूळ आकार परत मिळतो. मैदानावरचे बरेचसे भाग वाकलेले, पिळवटलेले होते. ते पडतानाचे घाव होते. ओहायोच्या बाजूची, उत्तरेकडच्या साखळीतली 330 क्रमांकाची पट्टी मात्र वेगळी निघाली. तिच्या डोळ्याची खालची बाजू ठिसूळपणे, सरळ तुटली होती. वरची बाजू मात्र वाकून, ताणून तुटली होती. यावरून क्रम लागला. आधी खालची बाजू तडकली, सगळा भार वरच्या बाजूवर आला, ती फाटली आणि पट्टी खिट्टीवरून सुटली. मग एकाच बाजूने ओढ बसून खिट्टी तिरपी झाली आणि जोडीची पट्टीही निसटली. साखळी तुटल्यावर पुलाला आधार उरला नाही.

खालच्या बाजूच्या तुटीचा माग भोकाच्या आतल्या कडेपर्यंत गेला. तिथे जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर खोल, गंजलेला तडा होता. ताज्या तुटीवर असा जुना गंज नसतो. म्हणजे पूल पडण्याआधीपासून तडा तिथे होता आणि भोकात शिरलेली ओल त्यात मुरत होती. हे पोलाद मजबूत असलं, तरी एकदा तडा गेल्यावर तो थोपवण्याची ताकद त्याच्यात कमी होती. त्या दिवशी थंडीही कडाक्याची होती आणि थंडीत असं पोलाद आणखी ठिसूळ होतं.

इथवर पुरावा भक्कम आहे. पण तडा वाढला कसा? सततच्या ताणाखाली गंजाने पोखरून, की येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांच्या हजारो हिसक्यांनी? तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तशी ही दुसरी वाट. हिसक्यांनी वाढलेल्या तड्यावर सूक्ष्मदर्शकाखाली समांतर रेघा दिसू शकतात. पण गंज पृष्ठभाग खातो आणि त्याबरोबर रेघाही पुसून टाकतो. म्हणून अंतिम अहवालाने दोन्ही कारणांची एकत्रित क्रिया असं म्हटलं. कोणाचा वाटा किती, हे वाटून दिलं नाही. तडा नेमक्या कोणत्या वर्षी पडला, हेही अशा पृष्ठभागावरून वाचता येत नाही.

दोष कोणाचा, या प्रश्नावरही अहवालाने तोल सांभाळला. रचना झाली त्या 1927 साली, ग्रामीण भागातल्या साध्या हवेत पुलाच्या पोलादाला असं काही होतं, हे माहीतच नव्हतं. आणि तडा होता भोकाच्या आत, खिट्टीआड. सांधा खोलल्याशिवाय तो शोधून काढेल, अशी तपासणीची कोणतीही पद्धत तेव्हा उपलब्ध नव्हती. रंगाचा हात देणाऱ्याला, वर चढून पाहणाऱ्याला तो दिसणं शक्य नव्हतं.

त्याच नदीवर, वरच्या अंगाला सेंट मेरीज इथे याच घडणीचा जुळा पूल होता. त्याच्या प्रत्येक डोळ्यात काय दडलंय, हेही सांधे खोलल्याशिवाय कळणार नव्हतं. तो वाहतुकीला बंद झाला आणि 1971 मध्ये उतरवण्यात आला. तो पडलाच असता, असं कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. पडणार नाही, असंही नाही.