स्मीगलचा वाढदिवस

१९३७ साली जे. आर. आर. टोल्किनची ‘द हॉबिट’ आली, तेव्हा तिच्यातला गॉलम बऱ्यापैकी सरळ होता. डोंगराखालच्या अंधाऱ्या तळ्यापाशी तो बिल्बोशी कोड्यांची पैज लावतो, हरतो, बक्षीस म्हणून कबूल केलेली अंगठी सापडेना म्हणून चक्क माफी मागतो आणि बाहेरची वाट दाखवतो. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना हीच अंगठी बाळगणाऱ्याचं मन पोखरणारी ठरली. अशी वस्तू कुणी आपणहून पैजेवर लावेल का? म्हणून १९५१च्या आवृत्तीत टोल्किनने ते प्रकरण बदललं. नवा गॉलम हरल्यावर बिल्बोचा जीव घ्यायला निघतो.

गंमत अशी, की गॉलम जास्त दुष्ट झाला त्याच फेरलेखनात तो वाचकाच्या दयेलाही पात्र झाला. अंगठीमुळे अदृश्य झालेला बिल्बो तलवार घेऊन त्याच्याजवळ उभा आहे, एक वार पुरेसा आहे. पण या जीवाने इथे एकट्याने वर्षं कशी काढली असतील, हे त्याला अचानक जाणवतं आणि तो त्याच्यावरून उडी मारून पळून जातो.

गॉलमचं पूर्वायुष्य मात्र १९५४ सालच्या ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’मध्ये कळतं. तेव्हा त्याचं नाव स्मीगल होतं. वाढदिवसाच्या दिवशी तो मित्रासोबत, डीगलसोबत, नदीवर जातो. मोठा मासा गळाला लागून डीगल पाण्यात ओढला जातो आणि वर येतो तो मुठीत सोन्याची अंगठी घेऊन. माझा वाढदिवस आहे, मला दे, असा स्मीगलचा हट्ट. भेट तर तुला आधीच दिली, असं डीगलचं उत्तर. स्मीगल त्याचा गळा दाबतो. अंगठी घालून तो चोऱ्या आणि चहाड्या करू लागतो, तेव्हा घरचे त्याला झिडकारतात आणि शेवटी आजीच त्याला हाकलून देते.

इथे टोल्किनने एक सोपा मार्ग टाळला आहे. पूर्वकथा म्हटली की पुष्कळ लेखक खलनायकाला आधी मार खायला लावतात आणि मग त्याने केलेल्या प्रत्येक गुन्ह्याची पावती त्या माराच्या नावावर फाडतात. गॉलमच्या कथेत पहिला गुन्हा त्याचाच आहे, आणि तो लपवायला ‘ही माझी वाढदिवसाची भेट’ असं खोटंही तो स्वतःशीच घोकत राहतो. गॅन्डाल्फ त्याला निर्दोष ठरवत नाही, पण त्याला मारून टाकायला हवं होतं, हे फ्रोडोचं म्हणणंही मान्य करत नाही. आपल्याला दया येते ती गुन्हा माफ झाला म्हणून नव्हे. वाढदिवसाच्या हट्टाएवढ्या क्षुल्लक गोष्टीतून एवढा विनाश झाला, हे आपल्या ओळखीचं वाटतं म्हणून येते.

ही कथा सांगितली जाते फ्रोडोला, हेही महत्त्वाचं. स्मीगल हॉबिटांच्याच भाऊबंदांपैकी होता, हे ऐकून फ्रोडोला किळस येते. कारण तीच अंगठी आता त्याच्याकडे आहे. पूर्वकथा अशी नायकाच्या अंगावर येते, तेव्हा ती मागे घडून गेलेली राहत नाही. पुढे फ्रोडोचं काय होईल, याची धास्ती ती लावते.

तरीही नुसत्या पूर्वकथेने भागत नाही. ‘हॅरी पॉटर’मधला वोल्डेमॉर्ट घ्या. जन्मताच आई गेलेली, अनाथाश्रमात वाढलेला. कागदावर त्याचं बालपण गॉलमपेक्षा करुण आहे. पण आपण त्याला लहानपणी पाहतो, तेव्हाही तो इतर मुलांना छळतो, त्यांच्या वस्तू लपवून ठेवतो आणि त्याचं त्याला काहीच वाटत नाही. कारण कळतं, पण जीव तुटत नाही. तो वेगळा वागला असता, असं वाटायला लावणारी फट रोलिंगने जवळजवळ ठेवलेलीच नाही.

टोल्किनने ती फट ठेवली आहे सिरिथ उन्गोलच्या पायऱ्यांवर. फ्रोडो आणि सॅमला एका राक्षसी कोळिणीच्या तोंडी द्यायचा कट करून गॉलम परततो, तर दोघं गाढ झोपलेले. तो थबकतो. त्याच्या डोळ्यांतली चमक विझते, क्षणभर तो नुसता एक थकलेला म्हातारा हॉबिट दिसतो. हात पुढे करून तो फ्रोडोच्या गुडघ्याला हलकेच स्पर्श करतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि त्याच्यावर खेकसतो. सॅमचं चुकलं म्हणावं, तर त्याचा संशय अगदी खरा होता. पण तो क्षण गेला तो गेलाच, आणि गॉलम कट पुरा करतो. या साऱ्या कथेतला बहुधा सर्वांत शोकांत क्षण म्हणून टोल्किनने एका पत्रात याच प्रसंगाकडे बोट दाखवलं होतं.

स्मीगल कोण होता हे ठाऊक नसतं, तर त्या स्पर्शात आपल्याला फक्त चोराचा हात दिसला असता. सॅमला तेवढंच दिसलं.