तीन संचांचे उदाहरण आतून बाहेर

अकरावीतील संचांच्या शाब्दिक उदाहरणांची पहिली पायरी दोन गटांची असते. 60 विद्यार्थ्यांपैकी 35 जण क्रिकेट, 28 जण कबड्डी आणि 10 जण दोन्ही खेळतात. 35 + 28 मध्ये ते 10 जण दोनदा मोजले जातात, म्हणून एकदा वजा केले की 53 उरतात. एकही खेळ न खेळणारे 7.

तीन गट आले की खरी कसोटी लागते. 100 कुटुंबांत ‘अ’ वृत्तपत्र 50, ‘ब’ 40 आणि ‘क’ 30 घरांत येते; अ-ब 20, ब-क 12, अ-क 10 आणि तिन्ही 5 घरांत. वेन आकृती मधून भरायला घ्यावी. आधी 5, मग फक्त अ-ब 15, फक्त ब-क 7, फक्त अ-क 5. त्यानंतर फक्त अ 25, फक्त ब 13, फक्त क 13. बेरीज 83, म्हणजे 17 घरांत एकही वृत्तपत्र येत नाही.

बहुतेक चुका 20 हा आकडा ‘फक्त अ-ब’ समजल्याने होतात, कारण त्यात तिन्ही घेणारी 5 घरेही असतात. तिन्ही जोड्यांचे आकडे तसे भरल्यास बेरीज 68 येते, सूत्र मात्र 120 − 42 + 5 = 83 सांगते. हा फरक दिसताच चूक पकडता येते.

शेवटच्या पायरीवर मधला आकडाच दिलेला नसतो. 17 घरे वगळल्यास 120 − 42 + x = 83, म्हणून x = 5.