बारा मिनिटांचं बोलणं, तीन ओळींची चिठ्ठी

कबड्डीचा सामना हरल्यावर मैदानाच्या कडेला प्रशिक्षक जे बोलतात, ते हल्ली कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवतं. ती ऑडिओ क्लिप ग्रुपवर पडते आणि तिथंच राहते. दमलेली, चिडलेली पोरं बारा मिनिटांचं बोलणं पुन्हा ऐकत नाहीत. त्यातून तीन ओळी काढून देणं हे खरं काम, आणि ते बहुतेक वेळा संघ व्यवस्थापकाच्या किंवा एखाद्या जुन्या खेळाडूच्या गळ्यात पडतं.

समजा, सामना ३२-३३ असा एका गुणानं गेला. रेकॉर्डिंगमध्ये सर म्हणतात, “शेवटच्या पाच मिनिटांत हातची मॅच घालवली. आघाडी होती ना आपली? मग डावा कोपरा आत घुसतोच कशाला? बाकीचे बघत उभे! साखळी कुठं गेली?” पुढची तीन मिनिटं पंचांवर जातात. मग, “समोर चार जण असताना बोनसला पाय टाकतोय, बोनस मिळतो का?” आणि अगदी शेवटी, जाता जाता, “उजव्या बाजूला घोटा धरला की मधला लगेच येत होता, ते बरं होतं.”

पहिल्यांदा ऐकताना काहीच लिहू नये. दुसऱ्यांदा ऐकताना वेळ टिपत जावं आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: पुढच्या सामन्यात यावरून कुणी काही वेगळं करणार आहे का? पंचांवरची तीन मिनिटं इथंच गळतात. कोपऱ्याचं आणि बोनसचं राहतं. घोट्याच्या पकडीवरचं वाक्य दहा सेकंदांचं असलं तरी तेही राहतं. सर कशावर किती वेळ बोलले, यावरून त्या गोष्टीचं वजन ठरत नाही. रागाला वेळ जास्त लागतो, एवढंच.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. ती म्हणजे गुणपत्रक उघडणं. कॅनडात इयन फ्रँक्स आणि गॅरी मिलर यांनी १९८६ साली फुटबॉल प्रशिक्षकांची आठवण तपासली होती. सामन्यातल्या महत्त्वाच्या घटनांपैकी निम्म्याही त्यांना नीट सांगता आल्या नव्हत्या. आपले सरही माणूसच. आपल्या सामन्याचं गुणपत्रक सांगतं, की नऊ मिनिटं उरली असताना आपण २८-२४ असे पुढे होतो आणि मैदानात आपले तिघेच होते. त्यांच्या दोन चढायांत आपले दोन गडी एकेकटे झडप घालून बाद झाले. उरलेला एकटा चढाईला गेला आणि पकडला गेला. त्यांना तीन गडी मिळाले, वर लोणाचे दोन गुण: २८-२९. त्यानंतर दोन्हीकडे चार-चार गुण झाले. म्हणजे सामना शेवटच्या पाच मिनिटांत गेलाच नव्हता, तो तिघे उरले तेव्हाच गेला होता.

आता चिठ्ठी करणाऱ्यानं परस्पर दुरुस्ती करायची नाही. गुणपत्रक सरांपुढे ठेवून विचारायचं, “सर, हे लोणाच्या वेळचं लिहू का?” बहुतेक सर मान डोलावतात. नाहीच डोलावली, तर त्यांचं म्हणणं तसंच लिहायचं. संघ त्यांचा आहे.

मग चिठ्ठी अशी होते:

तिघे किंवा कमी उरलो की साखळी धरून मागे. चढाईपटू आत आल्यावर दोघांनी मिळूनच पकड.

समोर पाच किंवा कमी असतील तर बोनस विसरा, गड्याला हात लावा.

उजव्या कोपऱ्यानं घोटा धरला की मधल्यानं लगेच जायचं, आज गेला तसंच.

प्रत्येक ओळीत ‘केव्हा’ आधी येतं, ‘काय’ नंतर. मैदानात खेळाडूला आधी प्रसंग दिसतो, सूचना त्या प्रसंगाला बांधलेली असली तरच वेळेवर आठवते. “घाई करू नका” ही ओळ म्हणूनच बाद: ती केव्हासाठी आहे हेच कळत नाही आणि घाईऐवजी काय करायचं तेही नाही. पहिल्या ओळीला एक कारण तोंडी जोडून द्यावं. तिघे किंवा कमी असताना केलेल्या पकडीला दोन गुण मिळतात, त्या मोहानंच पोरं एकेकटी झेपावतात.

डाव्या कोपऱ्याच्या मुलाचं नाव चिठ्ठीत नको. त्याच्याशी सर वेगळं बोलतील. ग्रुपवर नाव आलं की बाकीचे सहा जण ती ओळ स्वतःसाठी नाहीच असं धरून चालतात, आणि पुढच्या सामन्यात त्याच जागी दुसराच कुणी असतो.

चिठ्ठी लागू पडली का, हे पुढच्या सरावात कळतं. पोरांना ओळी म्हणायला लावू नका, पाठ कुणालाही होतात. न सांगता तिघांना मैदानात ठेवा, समोरून चांगला चढाईपटू पाठवा आणि कोपऱ्याच्या पायांकडे बघा. चढाईपटू अजून मध्यरेषेजवळ घुटमळत असताना ते पाय पुढे सरकले, तर पहिली ओळ आणखी सोपी करायला हवी.