चार नंबरची वायर

टाकी रिकामी झाली की मोटर आपोआप सुरू होते आणि भरली की बंद होते. पुण्या-ठाण्याकडच्या कितीतरी सोसायट्यांत ही सोय असते, आणि कितीतरी सोसायट्यांत ती ‘होती’. ती बंद पडण्याची कहाणी बहुतेक ठिकाणी सारखीच. एका सकाळी मोटर सुरू होत नाही. पॅनेल बसवणारा माणूस फोन उचलत नाही. जवळच्या दुकानातून वायरमन येतो, पॅनेलचं दार उघडतो. आत एकाच रंगाच्या तीस-चाळीस वायरी, कशावरही काही लिहिलेलं नाही. वर नळाला पाणी नाही म्हणून माणसं जिन्यात जमलेली. तो म्हणतो, “काका, तूर्तास डायरेक्ट करून देतो. ऑटोचं नंतर बघू.”

पाणी चढतं, आणि ते ‘नंतर’ मात्र कधी येत नाही. मग एका दुपारी खालची टाकी आटलेली असताना कोणीतरी मोटर चालू करून विसरतो. पंप कोरडा फिरतो, त्याचं सील जळतं आणि दुरुस्तीचं बिल येतं. दोष त्या वायरमनच्या माथी येतो. पण मुक्या पॅनेलसमोर दहा मिनिटांत पाणी चालू करून दाखवायचं असेल, तर डायरेक्ट करण्यावाचून त्याच्या हातात दुसरं काय होतं? बिघडला होता बहुधा एखादा फ्लोट. तो नेमका कोणता हे कळेना, म्हणून सगळंच ऑटोमेशन काढून टाकावं लागलं.

हे टाळायला लागतात प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांवरचे नंबर आणि दाराच्या आत लावलेला एक कागद. दोन्हींमागे काय विचार असतो, हे एका साध्या पॅनेलवर पाहू.

समजा, पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर आहे. तिला चालू-बंद करतो कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की खटकन बसणारा मोठा स्विच. त्याच्या खाली ओव्हरलोड रिले असतो. मोटर जास्त करंट ओढू लागली तर तो कॉइलची वीज तोडतो. गच्चीवरच्या टाकीत एक फ्लोट, खालच्या टाकीत दुसरा. फ्लोटपर्यंत २३० व्होल्ट पाण्यात न्यायला नकोत म्हणून ही नियंत्रणाची वायरिंग २४ व्होल्ट डीसीवर केली आहे.

आता त्या २४ व्होल्टची वाट धरून चला. फ्यूजमधून बाहेर पडलेली वायर, तिचा नंबर २. ती ऑटो-मॅन्युअल स्विचला जाते. स्विचच्या ऑटो बाजूने निघते ती ३. ती गच्चीवर जाऊन वरच्या फ्लोटमधून परत येते तेव्हा ४ होते. खालच्या फ्लोटमधून गेली की ५. ओव्हरलोड रिलेच्या कॉन्टॅक्टमधून गेली की ६, आणि ही ६ कॉन्टॅक्टरच्या कॉइलला मिळते. कॉइलचं दुसरं टोक शून्य नंबरवर.

नंबर देण्याचा नियम इथे दिसतो. वाटेत एखादा स्विच, फ्यूज, कॉन्टॅक्ट किंवा कॉइल आली की नंबर बदलायचा. नुसती जोडणी असेल, तर नंबर तोच राहतो, मग तिथे तीन वायरी भेटल्या तरी चालेल. या पॅनेलमध्ये ४ नंबरच्या तीन वायरी आहेत. एक गच्चीवरून परत येणारी, दुसरी खालच्या फ्लोटकडे जाणारी आणि तिसरी स्विचच्या मॅन्युअल बाजूने आलेली. तिन्ही एकाच ठिकाणी जोडलेल्या, म्हणून नंबर एकच.

ही तिसरी वायर बघा. मॅन्युअल केल्यावर वीज ३ नंबर टाळून थेट ४ वर येते. म्हणजे मॅन्युअलमध्ये फक्त वरचा फ्लोट वगळला जातो. खालचा फ्लोट आणि ओव्हरलोड रिले वाटेत राहतातच, त्यामुळे मॅन्युअलवरसुद्धा पंप कोरडा चालणार नाही. बसवणाऱ्याने हे विचार करून केलं होतं. नंबर नसतील तर नव्या माणसाला ते दिसणारच नाही. आणि ‘डायरेक्ट’ करताना तो २ आणि ६ जोडतो, तेव्हा दोन्ही फ्लोट आणि ओव्हरलोड रिले एका तुकड्याने बाद होतात.

आता तीच सकाळ, पण नंबर असलेल्या पॅनेलसमोर. गच्चीवरची टाकी रिकामी आहे, स्विच ऑटोवर आहे, मोटर गप्प आहे. वायरमन मल्टिमीटरची काळी पिन शून्यावर ठेवतो आणि लाल पिन टर्मिनलांवरून पुढे नेतो. २ वर २४ व्होल्ट, ३ वर २४, ४ वरही २४. ५ वर काही नाही. म्हणजे वीज ४ आणि ५ च्या मध्ये अडली आहे, आणि तिथे खालच्या टाकीचा फ्लोट आहे. तो टाकीचं झाकण उघडून बघतो. टाकी रिकामी असेल तर पॅनेल बरोबरच वागतं आहे. चौकशी पाणी सोडणाऱ्याकडे करायला हवी. टाकी भरलेली असेल तर फ्लोट अडकला आहे किंवा त्याची केबल तुटली आहे. कोणतीही वायर न सोडवता इथवर पोचायला पाच मिनिटं लागतात. हे काम अर्थातच परवानाधारक वायरमनचं, कारण त्याच पेटीत बाजूला ४१५ व्होल्ट असतात.

नवा फ्लोट संध्याकाळपर्यंत मिळणार नसेल तर? तेव्हाही २ आणि ६ जोडायची गरज नाही. फक्त ४ आणि ५ जोडायचे, त्या तुकड्यावर ‘खालचा फ्लोट वगळला आहे’ अशी चिठ्ठी बांधायची आणि तोवर मोटर चालू असताना खालच्या टाकीपाशी कोणीतरी उभं राहायचं. तडजोडही मोजकी करता येते, ती नंबरांमुळे.

नंबर टाकण्याच्या कामात चुका होतात त्या अगदी साध्या. पॅनेलवाले ज्याला फेरूल म्हणतात, ती नंबर छापलेली छोटी रिंग वायरीवर चढवायची असते ती लग दाबण्यापूर्वी. लग आधी बसवला की रिंग वरून जात नाही. मग कारागीर चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर बॉलपेनने आकडा लिहितो. पॅनेलच्या उष्णतेने वर्षभरात गोंद सुटतो आणि सगळ्या पट्ट्या तळाशी गळून पडलेल्या सापडतात. त्यापेक्षा मशीनवर छापलेली, गरम केल्यावर आवळून बसणारी नळी टिकते. गच्चीवर उन्हात छपाईही उडते, म्हणून तिथल्या केबलला आकडे ठोकलेली धातूची पट्टी बांधावी. इंग्रजी ६ आणि ९ हे आकडे रिंग उलटी फिरली की एकमेकांची जागा घेतात. त्यांच्याखाली रेघ असलेल्या रिंगा घ्याव्यात. नंबर दोन्ही टोकांना हवा. पॅनेलमध्ये ४ लिहिलं आणि गच्चीवरच्या जंक्शन बॉक्समध्ये काहीच नाही, तर अर्धंच काम झालं. न वापरलेल्या वायरीलाही ‘स्पेअर’ असं नाव द्यावं, नाहीतर पुढचा माणूस ती तुटलेली समजून कशालातरी जोडून टाकतो.

एका वायरीकडे वेगळं लक्ष लागतं. अनेक सोसायट्यांत पंपाच्या पॅनेलमध्ये जिन्याच्या मीटरवरून एखादी वायर आलेली असते, घंटीसाठी किंवा दिव्यासाठी. पॅनेलचा मेन स्विच पाडला तरी ती जिवंतच राहते. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात अशा वायरींसाठी नारिंगी रंग सुचवला आहे. रंग बदलणं शक्य नसेल, तर निदान तिच्याशेजारी ‘मेन बंद असतानाही चालू’ अशी ठळक पट्टी हवीच. मेन पाडून निर्धास्तपणे हात घालणाऱ्याला शॉक बसतो तो अशाच वायरीचा.

आता कागद. वस्तू पेटीत जशा बसल्या आहेत तसं चित्र काढण्याकडे हौशी माणसाचा कल असतो. ते चित्र वस्तू शोधायला बरं, बिघाड शोधायला निरुपयोगी. वायरिंगचा नकाशा विजेच्या वाटेने काढायचा. मोटरची जाड वायरिंग एका पानावर, नियंत्रणाची दुसऱ्या पानावर. दुसऱ्या पानावर डावीकडे २४ व्होल्टची उभी रेघ, उजवीकडे शून्याची, आणि मधल्या आडव्या ओळीवर स्विच, फ्लोट, फ्लोट, रिले, कॉइल याच क्रमाने. दोन वस्तूंच्या मधल्या रेघेवर वायरीचा नंबर, वस्तूच्या चिन्हाखाली ती कुठे आहे ते. गच्चीकडे जाणाऱ्या केबलचं नाव आणि ती कुठल्या डक्टमधून वर जाते तेही लिहावं. ही माहिती पॅनेल उघडून कधीच मिळत नाही.

नकाशात दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली म्हणजे कॉन्टॅक्ट कोणत्या स्थितीत दाखवले आहेत. फ्लोटचा कॉन्टॅक्ट पाण्यानुसार उघडतो-मिटतो. म्हणून कोपऱ्यात एक वाक्य लागतं, ‘दोन्ही टाक्या रिकाम्या धरून काढले आहे.’ मग वरचा फ्लोट मिटलेला आणि खालचा उघडा दिसतो, आणि वाचणाऱ्याचा घोळ होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सेटिंग. मोटरच्या पाटीवर ७.५ अँपिअर असेल तर ओव्हरलोड रिलेही तिथेच लावायचा, आणि तो आकडा नकाशावर लिहायचा. नाहीतर वारंवार ट्रिप होतं म्हणून कोणीतरी तो १० वर फिरवून ठेवतो, आणि ते चूक आहे हे पुढच्याला कळायला काही आधारच राहत नाही.

जुनं, मुकं पॅनेल बोलकं करायचं तर घाई चालत नाही. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे. मग पुरवठा बंद करून, कुलूप लावून, खरंच वीज नाही हे टेस्टरऐवजी मीटरने तपासायचं. त्यानंतर एका वेळी एकच वायर धरायची, कंटिन्युइटी बघून तिची दोन्ही टोकं शोधायची, तात्पुरती चिठ्ठी लावायची आणि कच्च्या कागदावर रेघ ओढायची. एकदम दहा वायरी सोडवल्या की फोटोसुद्धा मदतीला येत नाहीत. नकाशा पुरा झाल्यावर वरचा फ्लोट हाताने उचलून मोटर बंद होते का, खालचा लोंबता सोडल्यावर बंद होते का, हे करून बघायचं. कागद आणि मोटर एकच बोलू लागले की मगच पक्के फेरूल.

तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून दाराच्या आतल्या कप्प्यात राहतो, एक प्रत सोसायटीच्या फाइलमध्ये. पण वायरिंग बदलली आणि कागद तसाच राहिला तर तो कागद नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्यावर विश्वास ठेवला जातो. म्हणून नकाशाच्या खाली चार रकान्यांचा तक्ता असतो: तारीख, काय बदललं, कोणते नंबर, सही. वायरमनने काम संपवून दार लावण्यापूर्वी तो लाल पेनाने भरायचा, आणि सेक्रेटरीने ती ओळ बघूनच पैसे द्यायचे. आपल्या उदाहरणातल्या सकाळनंतर तिथे एवढंच लिहिलेलं असेल: खालचा फ्लोट नवीन, वायरी ४ आणि ५, केबल जुनीच, तात्पुरता जोड काढला.